फोटोतल्या आलेखावरून k, सरासरी आणि संभाव्यता: एकच उदाहरण, पण शेवटपर्यंत

वहीतल्या किंवा फळ्यावरच्या आलेखाचा फोटो काढायचा आणि खाली ‘k, मीन आणि P(३ < X < ८) काढा’ एवढंच लिहून पाठवायचं, ही आता रीतच झाली आहे. सूत्र कुठेच नसतं. असतात फक्त दोन अक्ष, तीन-चार सरळ रेषांची एक आकृती आणि उभ्या अक्षावर ‘k’ हे अक्षर. नागपुरातल्या आमच्या शिकवणीत अशा फोटोखाली ठरलेला प्रश्न येतो: ‘सर, उभ्या रेषेवर नुसता k लिहून आहे, आकडाच नाही. मग काढू कसा?’

उत्तर आकृतीतच आहे. घनतेच्या आलेखाखालचं एकूण क्षेत्रफळ १ असतं, त्यामुळे आडव्या अक्षावरचे आकडे आणि आकृतीचा आकार कळला की उंची आपोआप ठरते. अवघड भाग गणिताचा नसतो, फोटो नीट वाचण्याचा असतो. म्हणून या लेखात वाचण्यावर जास्त वेळ घालवणार आहे.

उदाहरण मीच बनवलेलं आहे, ऑटोंची खरी मोजणी नाही. समजा X म्हणजे सीताबर्डी इंटरचेंज मेट्रो स्टेशनबाहेर शेअर ऑटो मिळेपर्यंत गेलेली मिनिटं. आलेख ० पासून सुरू होतो, तिरका चढत एका उंचीला पोचतो, थोडा वेळ सपाट चालतो आणि मग हळूहळू उतरत १२ ला आडव्या अक्षावर टेकतो. सपाट भागाची उंची k. आडव्या अक्षावर ०, ६ आणि १२ एवढ्याच खुणा नीट दिसतात. चढ नेमका कुठे संपतो ते लिहिलेलं नाही.

आधी फोटो सरळ आहे का ते बघा

फोटो संगणकावर पेंटमध्ये उघडला की कर्सर नेऊ तिथले पिक्सेल खालच्या पट्टीत दिसतात. पहिला आकडा डावीकडून मोजलेला, दुसरा वरून खाली. म्हणजे आलेखात वर गेलं की दुसरा आकडा कमी होतो, हे ध्यानात ठेवायचं.

आपल्या फोटोत आरंभबिंदू (२१०, ८८०) वर आहे आणि १२ ची खूण (१४१०, ८८०) वर. दोन्हींचा दुसरा आकडा सारखाच, म्हणजे अक्ष आडवाच आहे. एकीकडे ८८० आणि दुसरीकडे ९१५ आला असता तर फोटो तिरका आहे असं समजून आधी तो फिरवून घ्यावा लागला असता.

तिरकेपणापेक्षा जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे कोनातून काढलेला फोटो. मोबाइल वहीच्या एका बाजूला झुकलेला असला की जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान दिसते. ते ओळखायला मधली खूण कामी येते. ० ते १२ चा मध्य ६, म्हणून ६ ची खूण २१० आणि १४१० च्या बरोबर मध्ये, ८१० च्या आसपास हवी. इथे ती ८०९ वर आहे, म्हणजे ठीक. ती ८५० वर सापडली असती तर सगळ्या अक्षाला एकच माप लावणं चुकीचं झालं असतं. अशा वेळी मोबाइलच्या कागदपत्र स्कॅन करायच्या सोयीने कागदाचे चार कोपरे पकडून चित्र सरळ करावं, आणि तरीही शंका राहिली तर वळणाच्या अगदी शेजारच्या दोन खुणांमध्येच मोजावं.

माप सोपं निघालं: १२ मिनिटांना १२०० पिक्सेल, म्हणजे मिनिटाला १००. चढ जिथे संपतो तो कोपरा आडव्या दिशेने ६१३ वर आहे.

```
(६१३ − २१०) / १०० = ४.०३
(८०८ − २१०) / १०० = ५.९८
```

दुसरी ओळ उतार सुरू होतो त्या कोपऱ्याची. पेनाच्या रेघेची जाडीच पाच-सात पिक्सेल असते, त्यामुळे ४.०३ म्हणजे ४ आणि ५.९८ म्हणजे ६ असं धरायला हरकत नाही. पाठ्यपुस्तकी प्रश्नात कोपरे बहुधा पूर्णांकावर ठेवलेले असतात. पण वाचन ४.४७ आलं असतं तर ओढूनताणून ४ करायचं नाही. तो साडेचार असू शकतो आणि त्याने पुढचं सगळं बदलतं.

रेषा सरळ आहे की वक्र?

हा प्रश्न कुणी विचारत नाही. चढ ० ते ४ मधला आहे, म्हणून मधोमध x = २ ला उंची किती आहे ते बघायचं. सरळ रेषा असेल तर तिथे उंची k च्या बरोबर निम्मी हवी. सपाट भाग पिक्सेल ४६२ वर आहे, म्हणजे k ची उंची ८८० − ४६२ = ४१८ पिक्सेल. x = २ म्हणजे आडवा पिक्सेल ४१०. तिथे रेघ ६७१ वर सापडते, उंची २०९. बरोबर निम्मी, म्हणजे सरळ रेषा.

तिथे उंची साधारण १०५, म्हणजे पाव भाग, आली असती तर तो चढ x² चा होता. मग चढाखालचं क्षेत्रफळ २k ऐवजी ४k/३ झालं असतं आणि k १/७ ऐवजी ३/१९, म्हणजे ०.१४३ च्या जागी ०.१५८. डोळ्याने बघून दोन्ही चित्रं ‘चढती रेघ’च वाटतात, म्हणून मधला एक बिंदू मोजायचाच.

तेवढ्यातच आणखी दोन गोष्टी नजरेखालून घालाव्यात. आडवा अक्ष म्हणून दिसणारी रेघ खरंच शून्य उंचीची आहे ना? फोटो खालून कापला गेला असेल तर वहीची एखादी छापील ओळच अक्ष वाटते. आणि उजवीकडे रेघ अक्षाला टेकते की बाण दाखवून फोटोबाहेर निघून जाते? बाण असेल तर फोटोतून k निघणार नाही, कारण बाहेर राहिलेलं क्षेत्रफळ दिसतच नाही. तिथे सूत्र मागवावंच लागतं.

कोपऱ्याच्या जागी रेघ तुटून वर-खाली उडी मारत असेल तर पोकळ आणि भरीव ठिपके दिसतात. त्यांवर फार वेळ घालवू नका. एका बिंदूवरची किंमत बदलल्याने क्षेत्रफळ बदलत नाही, त्यामुळे k, सरासरी आणि संभाव्यता तिन्ही तशाच राहतात. फक्त फलन लिहिताना ≤ आणि < ची चिन्हं ठिपक्यांप्रमाणे लावायची.

k काढणे

आता आकृतीचे तीन तुकडे पडले. ० ते ४ काटकोन त्रिकोण, ४ ते ६ आयत, ६ ते १२ दुसरा काटकोन त्रिकोण. क्षेत्रफळं:

```
चढ   : ½ × ४ × k = २k
सपाट : २ × k     = २k
उतार : ½ × ६ × k = ३k
एकूण : ७k = १,  म्हणून k = १/७
```

पूर्ण आकृती समलंब चौकोनच आहे, त्यामुळे ताळा एका ओळीत होतो: समांतर बाजू १२ आणि २, उंची k, क्षेत्रफळ ½ × (१२ + २) × k = ७k. जुळलं. इंटिग्रेशन करत बसायची इथे गरजच नाही. परीक्षेत मात्र मुलं आधी तीन समीकरणं मांडतात, मग तीन इंटिग्रल सोडवतात, आणि त्यात एखादी बेरीज चुकली की पानभर काम वाया जातं. क्षेत्रफळाने k आधी काढून ठेवा आणि समीकरणं नंतर लिहा.

फोटो झूम केला तर उभ्या अक्षावर ०.१ ची पुसट खूण पिक्सेल ५८७ वर दिसते. तिचा उपयोग k काढायला नाही, तपासायला करायचा. ०.१ ची उंची ८८० − ५८७ = २९३ पिक्सेल, k ची ४१८. म्हणून k = ०.१ × ४१८/२९३ = ०.१४२७. आणि १/७ म्हणजे ०.१४२९. इतकं जुळलं म्हणजे आडवे आकडे आपण बरोबर वाचले. इथे ०.१९ किंवा ०.०९ असं काही आलं असतं तर गणित नव्हे, वाचन पुन्हा तपासायचं: एखादी खूण चुकली असेल किंवा अक्ष शून्यापासून सुरूच होत नसेल.

k ला एकक असतं हे बहुतेक जण विसरतात. इथे ते ‘दर मिनिट’ आहे. हाच आलेख तासांत काढला तर तळ ०.२ तास होतो आणि k = ६०/७, म्हणजे साधारण ८.५७. ‘घनता १ पेक्षा मोठी कशी?’ म्हणून मुलं उत्तर खोडतात. खोडायचं काही कारण नाही. १ च्या आत राहायचं बंधन क्षेत्रफळाला आहे, उंचीला नाही.

तुकड्यांची समीकरणं

```
f(x) = x/२८          ०  ≤ x < ४
     = १/७           ४  ≤ x < ६
     = (१२ − x)/४२   ६  ≤ x ≤ १२
     = ०             इतरत्र
```

पहिली ओळ सरळ आहे: ४ ला उंची १/७, म्हणून रेषेचा ढाळ (१/७)/४ = १/२८. गडबड तिसऱ्या ओळीत होते. रेषेचा ढाळ −k/६ = −१/४२ आहे, म्हणून पुष्कळ जण सरळ f(x) = −x/४२ लिहून मोकळे होतात. x = ८ ठेवलं की घनता ऋण येते, आणि ऋण घनता असूच शकत नाही. रेषा १२ ला शून्य होते हे पकडून (१२ − x) पासून सुरुवात केली की ही चूक होत नाही. लिहून झाल्यावर दोन्ही टोकं ठेवून बघा: x = ६ ला ६/४२ = १/७, x = १२ ला ०. हा ताळा अर्ध्या मिनिटाचा आहे आणि तो टाळणाऱ्यांचे गुण मी जाताना बघितले आहेत.

सरासरी

सरासरी म्हणजे आकृती पुठ्ठ्याची कापून पट्टीच्या धारेवर ठेवली तर ती जिथे तोलून राहील ती जागा. प्रत्येक तुकड्याचा तोलबिंदू आपल्याला ठाऊक आहे. आयताचा मधोमध. काटकोन त्रिकोणाचा, उभ्या बाजूपासून तळाच्या एक तृतीयांश अंतरावर. चढत्या त्रिकोणाची उभी बाजू ४ ला आहे, म्हणून तोलबिंदू ४ − ४/३ = ८/३. उतरत्याची उभी बाजू ६ ला, म्हणून ६ + २ = ८. आयताचा ५.

आता प्रत्येक तोलबिंदूला त्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं. क्षेत्रफळं २/७, २/७ आणि ३/७.

```
E(X) = (२/७)(८/३) + (२/७)(५) + (३/७)(८)
     = १६/२१ + ३०/२१ + ७२/२१
     = ११८/२१ ≈ ५.६२ मिनिटं
```

‘इंटिग्रेशनने काढा’ असं स्पष्ट म्हटलं असेल तर हेच तीन आकडे तीन इंटिग्रलमधून यायला हवेत. पहिला, ० ते ४ मध्ये x²/२८ चा: ६४/८४ = १६/२१. दुसरा, ४ ते ६ मध्ये x/७ चा: (३६ − १६)/१४ = १०/७, म्हणजे ३०/२१. तिसरा, ६ ते १२ मध्ये x(१२ − x)/४२ चा. इथे ६x² − x³/३ ची किंमत १२ ला २८८ आणि ६ ला १४४, फरक १४४, भागिले ४२ म्हणजे २४/७ = ७२/२१. तुकडा-तुकडा जुळतो, त्यामुळे चूक असलीच तर ती कुठल्या तुकड्यात आहे ते लगेच कळतं. नुसतं एकूण उत्तर ताडून हे समजत नाही.

दोन चुकीची उत्तरं वारंवार दिसतात. ५.२२ आलं असेल तर तीन तोलबिंदूंची साधी सरासरी घेतली आहे, क्षेत्रफळाचं वजन लावायचं राहिलं. आणि १ आलं असेल तर x ने गुणायचंच राहिलं. ते नुसतं क्षेत्रफळ आहे.

अंदाजही आधी बांधून ठेवता येतो. सपाट भागाचा मध्य ५, तळाचा मध्य ६. सरासरी या दोहोंच्या मध्ये पडणार हे चित्र बघूनच वाटतं. मध्यगाही चटकन निघते: ४ पर्यंत २/७ क्षेत्रफळ झालं, अर्ध्याला आणखी ३/१४ हवं, उंची १/७, म्हणजे ४ च्या पुढे दीड. मध्यगा ५.५. उजवीकडची शेपटी लांब आहे, म्हणून सरासरी तिच्या किंचित उजवीकडे, ५.६२. सगळं एकमेकांशी जुळतं.

P(३ < X < ८)

३ पहिल्या तुकड्यात, ८ तिसऱ्यात. सरळ गेलं तर तीन इंटिग्रल करावे लागतील. त्यापेक्षा नको असलेले दोन कोपरे कापून टाकणं सोपं, कारण दोन्ही त्रिकोण आहेत.

```
डावा कोपरा  (० ते ३)  : ½ × ३ × ३/२८ = ९/५६
उजवा कोपरा (८ ते १२) : ½ × ४ × ४/४२ = ४/२१
उत्तर: १ − ९/५६ − ४/२१ = (१६८ − २७ − ३२)/१६८ = १०९/१६८ ≈ ०.६५
```

x = ३ ला उंची ३/२८ आणि x = ८ ला ४/४२ हे वरच्या समीकरणांतूनच आलं. इथे ठरलेली चूक म्हणजे ८ − ३ = ५ ला थेट १/७ ने गुणणे. ५/७ म्हणजे ०.७१ येतं. पण दोन्ही टोकांना आकृती k पेक्षा बुटकी आहे, म्हणून खरं उत्तर ०.७१ पेक्षा कमीच असणार. हा विचार करून ठेवला की ०.६५ पटतं.

प्रश्नात < च्या जागी ≤ असेल तरी उत्तर तेच. आणि ‘आठ मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागण्याची संभाव्यता’ विचारली तर उजवा कोपरा हातात आहेच: ४/२१, साधारण ०.१९.

आलेख छापील आलेख कागदावर असेल तर चौकोन मोजूनही हे ताडता येतं. आडवं माप एका मिनिटाला १ सेंमी आणि k ची उंची ३.५ सेंमी असेल तर पूर्ण आकृती ७ × ३.५ = २४.५ चौ. सेंमी भरते. ३ ते ८ मधले चौकोन मोजले तर सुमारे १५.९ चौ. सेंमी मिळायला हवेत. भागाकार ०.६५. यात k लागतच नाही, म्हणून k चुकलेला असला तरी हा ताळा तुम्हाला सांगेल.

उत्तर किती नेमकं लिहायचं?

कोपरा खरोखर ४ वर होता की ४.१ वर, हे पुसट फोटोत नक्की सांगता येत नसेल तर दोन्ही धरून बघावं. ४.१ घेतलं तर एकूण क्षेत्रफळ ६.९५k होतं, k = ०.१४३९, सरासरी ५.६४, आठ मिनिटांपेक्षा जास्तची संभाव्यता ०.१९२. आधीचे आकडे होते ०.१४२९, ५.६२ आणि ०.१९०. म्हणजे मिनिटाच्या दहाव्या भागाची चूक सरासरीत दुसऱ्या दशांश स्थळी आणि k मध्ये तिसऱ्या स्थळी उमटते. खुणा पूर्णांकावर स्पष्ट असतील तर ११८/२१ आणि १०९/१६८ असे अपूर्णांकच लिहा, परीक्षकालाही तेच हवे असतात. कोपरे पिक्सेल मोजून अंदाजाने घेतले असतील तर दोन दशांशांवर थांबा आणि शेजारी ‘कोपरे ४ व ६ धरून’ असं लिहून ठेवा. म्हणजे तपासणाऱ्याने कोपरा वेगळा वाचला असेल तरी तुमची रीत त्याला कळेल.